काथ्याच्या मॅटवरचा रविवार

रविवारी सकाळी साडेनऊला मैदानाच्या कडेला जी गुंडाळी पडलेली असते, ती पाहून नवा आलेला माणूस हमखास विचारतो, की हे काय आहे. रत्नागिरीकडचा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी प्रथमच आला, तेव्हा त्याने विचारले नाही. तो वाकला, गुंडाळीचे टोक बोटांत धरून चोळून पाहिले आणि म्हणाला, "हा तर सोडणाचा काथ्या." नारळाच्या सोडणापासून वळलेल्या दोराची, खरखरीत, तपकिरी रंगाची ती लांबलचक चटई म्हणजे आमची खेळपट्टी. ॲमस्टरडॅमच्या दक्षिणेला, कालव्याच्या काठच्या एका भाड्याच्या मैदानावर आम्ही मराठी मंडळी एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दर रविवारी तिच्यावर खेळतो. या उन्हाळ्यासाठी नव्या मंडळींना बोलवावे असे ठरले आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. निमंत्रण चार ओळींतही संपले असते. पण गेल्या काही वर्षांत बरेच चांगले खेळाडू एक-दोन रविवार येऊन नंतर फिरकेनासे झाले, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा ही मॅटच होती. म्हणून तिच्याविषयी आधीच नीट सांगावे असे मला वाटते.

या देशात क्रिकेट आपण आणले, असा अनेकांचा समज असतो, माझाही होता. प्रत्यक्षात देव्हेंटर या गावातला क्रिकेट क्लब १८७५ सालचा आहे, देशाची क्रिकेट संघटना १८८३ साली स्थापन झाली आणि रॉटरडॅमचा स्पार्टा हा प्रसिद्ध फुटबॉल क्लब १८८८ साली जन्मला तो क्रिकेट क्लब म्हणून. पुढे फुटबॉल वाढला आणि क्रिकेट मोजक्या क्लबांपुरते उरले. गवताची खेळपट्टी राखायची तर तिची देखभाल बारा महिने करावी लागते, तिच्यावर रोलर फिरवावा लागतो, आणि हिवाळ्यात त्याच मैदानात बूट घालून फुटबॉल खेळणाऱ्यांना तिच्यापासून दूर ठेवावे लागते. पावसाळी हवेत आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या क्लबांना हे परवडण्यासारखे नव्हते. त्यामुळे खाली कायमचा कडक पाया आणि वर सामन्यापुरती अंथरायची काथ्याची मॅट ही व्यवस्था येथे रुजली. १९६४ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेला ऑस्ट्रेलियाचा संघ हेग येथे डच संघाकडून तीन गडी राखून हरला होता. ही गोष्ट इकडचे वयस्क खेळाडू चहाच्या वेळी आपल्याला ऐकवतातच, त्यामुळे ती आधीच ठाऊक असलेली बरी.

मॅट अंथरणे हे सामन्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि नव्या माणसाची आमच्याशी खरी ओळख तेथेच होते. गुंडाळी उचलायला सहा जण लागतात. रात्री पाऊस लागून ती भिजली असेल, तर आठही कमी पडतात. प्रथम एका टोकाची कड पायाच्या रेषेशी जुळवून खिळे ठोकायचे, मग गुंडाळी उलगडत दुसऱ्या टोकाला न्यायची आणि चौघांनी रस्सीखेच खेळल्यासारखे मागे रेलून ती ताणायची. ताण धरलेला असतानाच पाचव्याने दुसऱ्या टोकाचे खिळे ठोकायचे आणि त्यानंतर दोन्ही बाजू मधून टोकांकडे ठोकत जायच्या. घाई करणारे लोक आधी बाजू ठोकतात, त्यामुळे मध्ये हवा राहते आणि मॅटला लाट येते. ही लाट डोळ्यांना चटकन दिसत नाही. आमच्या क्लबातले दादरचे एक काका, जे साठी उलटल्यावरही दर रविवारी येतात, ते बॅट उलटी धरून तिच्या दांड्याने मॅटवर ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात. जेथे ताण बरोबर आहे तेथे कोरडा, टणक आवाज येतो आणि जेथे मॅट पायाला चिकटलेली नाही तेथे तो बसका येतो. बसका आवाज नेमका टप्प्याच्या जागी आला, तर खिळे उपटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा सगळे कुरकुरतात, मीही कुरकुरतो, आणि काका कोणाचेही ऐकत नाहीत.

त्यांचा हा हट्ट वाया जात नाही, हे फलंदाजीला उभे राहिल्यावर कळते. गवताच्या खेळपट्टीत चेंडू टप्पा पडताना थोडा रुततो, मातीतल्या ओलाव्यामुळे त्याचा वेग कमी होतो आणि दुपारनंतर खेळपट्टी भेगाळली, की कोणता चेंडू खाली राहील याचा नेम राहत नाही. मॅटवर यातले काहीच होत नाही. खालचा पाया कडक आणि वरचा काथ्या किंचित लवचीक असल्यामुळे चेंडू रुतत नाही, तो उसळतो, आणि मॅट नीट ताणलेली असेल तर सकाळी अकराला जितका उसळतो तितकाच दुपारी चारलाही उसळतो. ज्या टप्प्याचा चेंडू मुंबईच्या मैदानावर यष्ट्यांच्या निम्म्या उंचीवर आला असता, तो येथे बेल्सच्याही वरून जातो. याचे पहिले फळ असे, की पायचीतचे अपील अंपायर बहुधा फेटाळतात, कारण चेंडू यष्ट्यांवरून जाणार हे त्यांनाही ठाऊक असते. दुसरे फळ मात्र फलंदाजाच्या वाट्याचे आहे. पुढचा पाय टाकून बॅट समोर धरण्याची जी सवय आपण लहानपणापासून अंगी बाणवलेली असते, तीच येथे घात करते. चेंडू बॅटच्या पात्यावर न लागता वर, दांड्याच्या जोडापाशी किंवा थेट ग्लव्हजवर लागतो आणि सिली पॉइंटच्या हातात अलगद झेल जातो.

रत्नागिरीच्या त्या मुलाचे हेच झाले, आणि त्याची गोष्ट मी थोडी सविस्तर सांगतो, कारण ती बऱ्याच जणांची गोष्ट आहे. तो गावाकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा गाजवून आलेला होता. टेनिसचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा असतो आणि चामड्याचा १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट जड. हलका चेंडू बॅटवर येईपर्यंत मंदावलेला असतो, त्यामुळे पुढचा पाय बाजूला काढून आडव्या बॅटने तो मिडविकेटवरून भिरकावता येतो. त्याने पहिल्या रविवारी दुसऱ्याच चेंडूवर तेच केले. चेंडू छातीच्या उंचीवर होता, बॅटची वरची कड लागली आणि यष्टिरक्षकाने मागे चार पावले पळत जाऊन झेल घेतला. पुढच्या रविवारी त्याने सावधपणाने खेळायचे ठरवले, पुढे येऊन बॅट समोर धरली आणि चार धावांवर ग्लव्हजला लागून शॉर्ट लेगला झेल दिला. त्या दिवशी चहाच्या वेळी तो बूट काढत मुकाट्याने बसला होता. असे बसलेला माणूस तिसऱ्या रविवारी येत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे.

काकांनी त्याला दुसऱ्या डावात क्षेत्ररक्षणाला न पाठवता बाजूच्या सरावाच्या मॅटवर नेले आणि मला चेंडू टाकायला सांगितले. "तीस चेंडू येतील," ते त्याला म्हणाले, "एकालाही बॅट लावायची नाही. नुसते पाहायचे आणि सोडायचे."

"सोडायचेच असेल तर बॅट कशाला हातात घेऊ, काका?"

"अरे, सोडणाची मॅट आहे, तिच्यावर पहिल्यांदा सोडायलाच शिकायचे असते."

हा विनोद काका दर वर्षी करतात. पण तीस चेंडू सोडताना त्या मुलाच्या लक्षात जी गोष्ट आली, ती कोणी तोंडाने सांगून आली नसती. चेंडू कोठे टप्पा पडला हे दिसले, की तो किती उंचीवर येणार हे मॅटवर जवळजवळ पक्के सांगता येते. पंधराव्या चेंडूनंतर काकांनी त्याला प्रत्येक चेंडूचा टप्पा पडताच उंची ओरडून सांगायला लावली: कंबर, छाती, कंबर, खांदा. शेवटच्या दहांपैकी तो एकदाच चुकला. त्यानंतर त्याला फक्त दोन फटके दिले गेले, मागच्या पायावर जाऊन उभ्या बॅटने खाली दाबायचा आणि ऑफच्या बाहेर उंच आलेला चेंडू कट करायचा. ड्राइव्हला महिनाभर बंदी होती. तिसऱ्या रविवारी त्याने अकरा धावा केल्या, तेही तासभर खेळून, आणि चौथ्या रविवारी सदतीस. त्या सदतीसपैकी निम्म्याहून अधिक धावा पॉइंट आणि थर्ड मॅनच्या मधून आल्या, जिकडे त्याने गावाकडे कधी चेंडू मारलाच नसेल.

गोलंदाजांचे प्रश्न वेगळे आहेत. जो वेगवान गोलंदाज स्विंगच्या भरवशावर येतो, त्याची पहिल्या दहा षटकांनंतर निराशा होते, कारण काथ्या चेंडूची चकाकी कानशीने घासावी तशी घासून काढतो. याउलट मध्यमगती गोलंदाजाची शिवण त्या खरखरीत विणीत पकड घेते, आणि बोटे चेंडूच्या कडेवरून फिरवून टाकलेला कटर मॅटवर इतका वळतो, की टाकणाऱ्यालाच आश्चर्य वाटते. १९५२ साली लखनौला तागाच्या मॅटवर फझल महमूद यांनी भारताचे बारा गडी बाद केले आणि पाकिस्तानने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तो याच कटरच्या जोरावर. ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, चाळिशी गाठलेल्या, पंधरा पावलांच्या वर पळू न शकणाऱ्या आमच्या काही गोलंदाजांना ही मॅट म्हणजे वरदान आहे. मी स्वतः त्यांपैकीच एक, त्यामुळे या मताकडे थोडे संशयाने पाहावे.

लेग स्पिनरांना मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कृत्रिम खेळपट्टीची रुंदी नियमाप्रमाणे किमान ६ फूट असावी लागते आणि आमच्या मॅटची तेवढीच आहे. गवताची खेळपट्टी १० फूट रुंद असते. म्हणजे ऑफ स्टंपपासून आमच्या मॅटच्या कडेपर्यंत जेमतेम ८० सेंटिमीटर उरतात. मॅट अंथरलेली असेल तर चेंडूचा टप्पा अंशतः जरी तिच्याबाहेर पडला, तरी तो नो-बॉल, असा नियम आहे. पुण्याहून आलेला आमचा एक लेग स्पिनर लेगच्या बाहेर टप्पा टाकून फलंदाजाच्या पायांमागून चेंडू वळवण्यात पटाईत होता. त्याच्या पहिल्या षटकात अंपायरचा हात चारदा आडवा झाला. त्याला वाटले, पाय पुढे पडतो आहे. तो रनअप मोजून आला, एक पाऊल मागे गेला, तरी हात आडवा. शेवटी डच अंपायरने मॅटच्या कडेशी गवतात उमटलेला चेंडूचा ओला ठसा दाखवला, तेव्हा उलगडा झाला. आता तो सरावाच्या वेळी मॅटच्या कडेपासून एक वीत आत खडूची रेघ ओढतो आणि तिच्या बाहेर टाकतच नाही.

धावताना होणारी एक फजिती मी माझ्यावरूनच सांगतो. आपण क्रीजमध्ये पोहोचताना बॅट जमिनीवर टेकवून सरकवतो, आणि गवतावर किंवा मातीवर ती सरकतेही. काथ्यावर ती सरकत नाही, तर रुतते. माझ्या पहिल्या वर्षी विजयासाठी दोन धावा हव्या असताना मी दुसऱ्या धावेसाठी परतलो आणि क्रीजच्या दीड हात अलीकडे बॅट टेकवली. तिचे टोक विणीत अडकले, दांडा माझ्या पोटात बसला आणि मी तेथेच वाकून थांबलो. यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या तेव्हा मी क्रीजकडे पाहत होतो, आणि ती माझ्याकडे. तेव्हापासून मी बॅट हवेतच ठेवतो, क्रीज ओलांडतो आणि मगच टेकवतो. शिवाय मॅटची टोके जेथे संपतात तेथे वळताना पाय उचलून वळावे. घोटा मुरगळण्याची जागा तीच आहे.

मैदानाचा बाकीचा भाग हिवाळ्यात फुटबॉलचा असल्यामुळे गवत जाड असते आणि सकाळी दवाने ओले असते. जमिनीवरून मारलेला चेंडू सीमेपर्यंत क्वचितच पोहोचतो. त्यामुळे येथे ज्याला एकेक आणि दोन-दोन धावा पळता येतात तो श्रीमंत. एका बाजूची सीमा मात्र कालव्याला लागून आहे. तिकडे मारलेला षटकार पाण्यात जातो. आत कॉर्क असल्यामुळे चेंडू तरंगतो, आणि आमच्याकडे लांब दांड्याची मासे धरायची जाळी आहे, तिने तो काढता येतो. बदके जाळीला घाबरत नाहीत, हे एक सांगून ठेवतो. पाण्यातून काढलेला चेंडू फुगलेला आणि बुळबुळीत असतो, म्हणून तो पुसून सरावासाठी बाजूला टाकायचा आणि तितकाच जुना दुसरा चेंडू घ्यायचा. एका सामन्यात तीनदा असे झाले, तेव्हा समोरच्या संघाचा डच कर्णधार आमच्या सलामीवीराला अत्यंत सौजन्याने म्हणाला, की त्याने मासेमारीचा परवाना काढलेला बरा.

पावसाविषयीही लिहायला हवे, कारण मुंबईहून आलेल्यांना त्याची भीती वाटत नाही आणि तेथेच ते चुकतात. १९४८ सालापासून भर पावसाळ्यात चालत आलेल्या कांगा लीगमध्ये जे खेळले आहेत, त्यांना ओल्या खेळपट्टीवर चेंडू थांबून येतो हे माहीत असते. ओल्या मॅटवर तो थांबत नाही. काथ्या वरून ओला झाला, की चेंडू घसरून वेगाने येतो, आणि तासाभराच्या उन्हाने वाळू लागला, की पुन्हा उसळू लागतो. म्हणून सर आली, की मॅटवर प्लॅस्टिक टाकायला सगळ्यांनी धावावे, फलंदाजांनीसुद्धा. येथील सरी बहुधा वीस मिनिटांच्या असतात आणि प्रत्येकाच्या फोनवर पावसाचे रडार दाखवणारे ॲप असते. ते पाहून समोरचा कर्णधार सांगतो, की तीन वाजून दहा मिनिटांनी पाऊस थांबेल, आणि तो बहुधा थांबतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असल्यामुळे सामना उशिरा संपला तरी कोणी तक्रार करत नाही. घरी मात्र करतात.

आमचे सामने ३५ षटकांचे, मित्रत्वाचे असतात. फलंदाजी करणाऱ्या संघातलेच दोघे अंपायरिंग करतात आणि एक जण वही लिहितो, त्यामुळे प्रत्येकाला या दोन्ही गोष्टी शिकाव्या लागतात. वहीत बाय त्रिकोणाने आणि लेग बाय उलट्या त्रिकोणाने दाखवतात, एवढे आले तर पहिल्या दिवशी पुरे. दोन डावांच्या मधला चहा अर्ध्या तासाचा असतो. आमच्याकडून पोहे किंवा बटाटेवडे असतात, समोरून मनुका घातलेले गोल पाव आणि चीज येते. बटाटेवडे जास्त खाऊन दुसऱ्या डावात स्लिपमध्ये उभे राहू नये, हा नियम कोणत्याही पुस्तकात नसला तरी आम्ही तो पाळतो.

येताना काय आणावे, हे थोडक्यात सांगतो. बूट रबरी बुटक्या दाण्यांचे असावेत. लोखंडी स्पाइक मॅटची वीण फाडतात, त्यामुळे ते घालून आलेल्याला अनवाणी खेळावे लागेल, मग तो कितीही मोठा गोलंदाज असो. अॅब्डोमेन गार्ड स्वतःचा आणावा, त्याची कारणे सांगायला नकोत. हेल्मेट, पॅड आणि बॅटी क्लबाकडे आहेत, आणि या मॅटवर हेल्मेटशिवाय आम्ही कोणालाही फलंदाजीला उभे करत नाही. मैदानाचे भाडे आणि चेंडूचा खर्च त्या दिवशी खेळणाऱ्यांत सारखा वाटला जातो. पहिल्या रविवारी आलेल्याकडून काही घेत नाही. मराठी बोलता येण्याची अट नाही. आमच्यात एक हैदराबादचा आणि दोन डच आहेत, आणि त्या दोघांनाही "घे रे", "सोड" आणि "पळ" हे तीन शब्द उत्तम येतात. ज्यांनी चामड्याचा चेंडू कधीच खेळलेला नाही, त्यांना पहिले दोन रविवार सामन्यात फलंदाजी मिळणार नाही. त्यांना सरावाच्या मॅटवर काकांसमोर तीस-तीस चेंडू सोडावे लागतील. त्याचा राग येतो, पण रत्नागिरीचा तो मुलगा या वर्षी आमचा सलामीचा फलंदाज आहे आणि नव्या मंडळींना चेंडू टाकायचे काम आता तोच करतो.

सामना अकराला सुरू होतो, पण यायचे ते साडेनऊला. सायकल झाडाखाली लावावी आणि सरळ गुंडाळीपाशी यावे. खिळे डब्यात आहेत. हातोडे दोनच उरले आहेत, तिसऱ्याचा दांडा गेल्या हंगामाच्या शेवटच्या रविवारी तुटला. कोणाच्या घरी जादा असेल तर घेऊन यावा.